चौक कोणी लिहायचा?



या वेळी दाव्यांच्या फायली बाजूला ठेवून भिंतीबद्दल लिहितोय. कारण गेल्या लगीनसराईत हरसूलकडच्या एका पाड्यावर जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाय.

लग्नघरी चौक लिहायचा होता. घरच्यांनी शहरात वारली पेंटिंग शिकून आलेल्या पोराला बोलावलं. पोरगा हुशार, हात साफ. डबीतला पांढरा रंग, ब्रश, पट्टी घेऊन दोन तासांत चौक तयार. लोकांनी वाहवा केली. संध्याकाळी धवलेरी आली, भिंतीकडं बघितलं आणि उंबऱ्यात बसली. म्हणाली, "हिथं देवी नाय. मी कोनाला गाणार?"

घरचे चिडले. आम्ही तरणी पोरंही म्हातारीवर चिडलो. चित्र तर तेच होतं ना! मग तिनं जे सांगितलं ते ऐकून गप्प झालो.

आपण चौक काढत नाय, लिहितो. आणि लिहितात त्या सवाशिणी. आधी भिंत पाहिजे. कारवीचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, तो पुरता सुकला की गेरूचा हात. लेप ओला असला तर पीठ पसरतं, रेघ फुगते. मग तांदूळ भिजवून पाट्यावर वाटायचा आणि पाण्यात कालवायचा. पातळ झाला तर दिसत नाय, जाड झाला तर सुकल्यावर पोपडे धरतो. काडी बांबूची, टोक चावून मऊ केलेली. ओली रेघ नीट दिसतच नाय, सुकली की पांढरी उठते. म्हणून या कामाला घाई चालत नाय. सवाशिणी दिवसभर बसतात, सोबत गाणं चालू असतं.

पहिल्यांदा चौकट. गोल आपल्याला सूर्य-चंद्रानं दिला, तिकोन डोंगरानं आणि झाडाच्या शेंड्यानं. दोन तिकोन टोकाला टोक लावले की माणूस झाला. पण चौकोन रानात कुठं सापडत नाय, तो माणसानं आखलेला. आखलेल्या जागेत देवीला बसवायचं, म्हणून चौक. (मोजणीवाल्याच्या आधीपासून आपल्या बायका चतुःसीमा आखतात, हे जाताजाता.) आत पालघट, भरल्या घटाची, पिकाची आणि लेकराबाळांची देवी. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारी लहान चौक, त्यात घोड्यावर पंचशिऱ्या देव, डोक्याच्या जागी पाच कणसं फुटलेला. वर हळद-कुंकवाचे ठिपके. मग चौक कापडानं झाकतात. भगताच्या अंगात आलं की कापड सरतं, आणि तेव्हा देवी आली म्हणायची. पालघट आल्याबिगर लग्न लागत नाय, आणि ते लावते धवलेरी, म्हणजे बाईच.

पीक घरात येतं तेव्हाही हेच पीठ लागतं. नवं भात आलं की बाया मूठ पिठात बुडवून कणगीवर, भिंतीवर ठसे उठवतात. त्याला कोणी चित्र म्हणत नाय. कागदावर विकतही नाय, म्हणून बहुतेक ते आपल्याकडंच राहिलं.

कागदाची गोष्ट वेगळी आहे आणि ती वाईट नाय. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडं कागद-रंग नेले. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी त्यावर शेत, मासेमारी, तारपानाच उतरवला. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. पुरुषांनी चितारायचं तिथून वाढलं, घरं चालली. आमच्याही पोरांनी विकावं. पण विकायला ते काढतात तो तारपा, ते शेत. चौकाला सवाशीण लागते, गाणं लागतं. धवलेरीचं भांडण पोराच्या हाताशी नव्हतंच. मागच्या बाजूला ना दळलेला तांदूळ होता, ना कोणी बसलं होतं, एवढंच तिचं म्हणणं.

तरी एक अडचण तिच्याकडंही सुटली नाय. घर घरकुलाचं, भिंत सिमेंटची. गेरू सिमेंटवर धरत नाय, हात लावला की भुकटी. घरातल्या एकानं विचारलं, "मग लिहायचं कुठं?" पलीकडं म्हातारीच्या झोपडीचा कूड उभा होता, पण अर्धा मोडका. कारवी आणायला गेलेल्या दोघांना गेल्या साली रानात अडवलं होतं, म्हणून दुरुस्ती राहिलेली.

शेवटी रात्री चार बायांनी त्या कुडाचा धड राहिलेला भाग शेणानं सारवला. शेकोटी जवळ आणून सुकवला. पाटा धडधडत होता. पहाटे चौक लिहून झाला, एका बाजूची रेघ ओलाव्यानं फुगलेली. धवलेरीनं बघितलं, ती रेघ बोटानं दाखवली, हसली, आणि गायला बसली.

तो पोरगा कोपऱ्यात तिच्या बाजूला बसून होता. त्याच्या वहीत आता गाण्याचे शब्द आहेत.