‘निर्व्यसनी’ या शब्दाचा अर्थ काय?

तुळशीचे लग्न लागले की जळगाव-धुळ्यात वधू-वर परिचय मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. या मेळाव्यांच्या पुस्तिकांत आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या परिचयपत्रांत शिक्षण, पगार, शेती यांचे तपशील काटेकोर असतात. आहार आणि व्यसन यांचा प्रश्न मात्र ‘शुद्ध शाकाहारी, निर्व्यसनी’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. जुळत आलेल्या सोयरिकी विस्कटतात, त्या अनेकदा याच दोन शब्दांवरून.

‘निर्व्यसनी’ म्हणजे नेमके काय, यावर एकमत नाही. वडिलांच्या लेखी त्याचा अर्थ ‘मुलगा दारू पीत नाही’ एवढाच असतो. चुना लावून तंबाखू मळणे ही खान्देशातल्या अनेक घरांत वर्षानुवर्षांची सवय आहे आणि तिला व्यसन म्हणण्याची पद्धत नाही. बायकांच्या मिश्रीचीही तीच गत. मुलीकडची मंडळी मात्र त्याच शब्दात सिगारेट, गुटखा, तंबाखू सगळेच धरतात. दोघेही प्रामाणिक असतात, तरी पहिल्याच भेटीत खिशातली पुडी दिसली की ‘फसवले’ हा शब्द उच्चारला जातो.

आहाराची गुंतागुंत याहून मोठी आहे. मुक्ताबाईंच्या या मुलखात वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की मांस आणि मद्य सुटते. पण माळ वडिलांच्या गळ्यात असते, मुलाच्या नव्हे. जैन घरात कांदा-लसूण आणि सूर्यास्तानंतरचे जेवण हे स्वतंत्र प्रश्न असतात. उलट काळ्या मसाल्याचे मटण ज्या घरची ओळख आहे, तिथेही श्रावणात आणि चातुर्मासात चुलीवर काही चढत नाही. ‘शाकाहारी’ किंवा ‘मांसाहारी’ या एका शब्दात हे मावणार कसे? विवाहविषयक संकेतस्थळांनी ‘कधीतरी मांसाहारी’, ‘अंडाहारी’, ‘जैन’ असे पर्याय दिले, तरी घरात काय शिजते हे त्यातून कळत नाही. लग्नानंतरचा वाद बहुधा तिथूनच सुरू होतो.

समजा, धुळ्याचा एक तरुण पुण्यात नोकरी करतो. घरी माळ आहे. तो बाहेर अंडी आणि कोंबडी खातो, मित्रांसोबत वर्षातून तीन-चारदा बिअर घेतो, सिगारेट ओढत नाही. वडिलांनी लिहिले, ‘शुद्ध शाकाहारी, निर्व्यसनी’. जळगावची मुलगी माळकरी घरातली; तिच्या घरच्यांनी हे शब्दशः खरे मानले. साखरपुड्यानंतर एका सहलीचे छायाचित्र कुणीतरी पाठवले आणि चर्चा बिअरवरून थेट घराण्याच्या खरेपणावर गेली. त्याऐवजी ‘घरी शाकाहार, मुलगा बाहेर क्वचित मांसाहार करतो. धूम्रपान व तंबाखू नाही’ असे लिहिले असते, तर हे स्थळ कदाचित पहिल्याच पत्राला नाकारले गेले असते. पण साखरपुडा मोडला नसता.

येथे बिअरचा उल्लेख नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. छापील पुस्तिका भाऊबंदांच्या हाती पडते आणि पाठवलेली पीडीएफ परत घेता येत नाही. क्वचित मद्यपानाची जाहीर नोंद करावीच असे नाही. ती ओळ मोकळी सोडता येते. मोकळी जागा फार तर एक प्रश्न ओढवून घेते आणि त्या प्रश्नाचे उत्तर मुलाने स्वतः मुलीला पाहण्याच्या कार्यक्रमाआधी फोनवर द्यावे. मात्र मोकळ्या जागी ‘निर्व्यसनी’ लिहिणे ही निराळी गोष्ट आहे. रोजची सवय असेल तर तीही ओळ मोकळी सोडण्याची सवलत नाही, मग ती दारूची असो वा तंबाखूची.

वाद टाळण्याचा आणखी एक मार्ग शब्दांच्या निवडीत आहे. ‘शुद्ध’ या विशेषणात समोरचा अशुद्ध ठरतो. नुसते ‘शाकाहारी, अंडी नाहीत’ पुरेसे असते. सवयीचे समर्थनही देऊ नये. ‘आजकाल सगळेच घेतात’ किंवा ‘आमच्या संस्कारांत बसत नाही’ असे लिहिले की वाचणारा उत्तर शोधू लागतो. स्वतःची सवय आणि जोडीदाराकडून असलेली अपेक्षा या दोन वेगळ्या ओळी असाव्यात. मुलगी स्वतः मांसाहार करत नसेल, पण नवऱ्याने बाहेर खाल्ल्यास तिची हरकत नसेल, तर ते अपेक्षांच्या ओळीत यावे. ‘घरात शिजवण्याचा आग्रह नसावा’ हेही तिथेच.

कायद्याचा आधार मात्र फारसा कामी येत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबतची फसवणूक हेही विवाह रद्द ठरवण्याचे कारण झाले. परंतु फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो आणि ती कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिल्यास हा मार्ग बंद होतो. परिचयपत्रातली प्रत्येक अतिशयोक्ती न्यायालय फसवणूक मानत नाही. वर्षातल्या तीन-चार बिअरवरून विवाह रद्द होण्याची आशा कोणी धरू नये.