वादळात शेजाऱ्याचा माड तुमच्या गाडीवर पडला, तर पैसे कोण देणार?

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होतं. दुसऱ्या दिवशी रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. पण तोवर मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात माड, आंबे, फणस आणि विजेचे खांब आडवे झाले होते. अनेक गावं पुढचे काही दिवस अंधारात होती.

अशा वादळानंतर किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये एक भांडण हमखास होतं. झाड एकाच्या परड्यातलं असतं आणि गडग्यापलीकडे उभी असलेली गाडी दुसऱ्याची असते. गाडीवाला म्हणतो, "झाड तुमचं, भरपाई तुम्ही द्या." झाडवाला म्हणतो, "वादळ काय मी आणलं?"

कायद्याच्या नजरेत हे दोघंही अर्धेच बरोबर आहेत. झाड कुणाचं आणि वादळ किती मोठं, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: वादळ येण्याआधी ते झाड कसं होतं आणि ते मालकाला माहीत होतं का?

झाड असणं हा गुन्हा नाही

शेजाऱ्यांमधला हा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. भरपाई हवी असेल तर शेजाऱ्याने निष्काळजीपणा केला, हे सिद्ध करावं लागतं आणि ते सिद्ध करायची जबाबदारी गाडीमालकावर असते.

याबाबत आपल्याकडचा महत्त्वाचा निकाल दिल्लीतल्या एका घटनेचा आहे. १९६४ साली रस्त्याकडेच्या कडुनिंबाची फांदी स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसावर कोसळली आणि त्याचा मृत्यू झाला. कुटुंबाने दिल्ली महापालिकेविरुद्ध दावा लावला. 'दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीला देवी' या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ साली न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. न्यायालयाने तिथे सांगितलेला नियम सोपा आहे. झाड वाळलेलं, मेलेलं असेल, त्यामुळे ते पडण्याचा धोका असेल आणि हा दोष मालकाला माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता, तर होणाऱ्या नुकसानीला मालक जबाबदार.

या नियमाची दुसरी बाजू लंडनच्या एका खटल्यात दिसते. तिथे एक जुना एल्म वृक्ष रस्त्यावरच्या कारवर कोसळला. त्याची मुळं आतून कुजली होती, पण बाहेरून तसं काहीच दिसत नव्हतं. १९५० मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने मालकाला जबाबदार धरायला नकार दिला. साध्या नजरेला जो दोष दिसू शकत नाही, तो ओळखला नाही म्हणून दोष देता येत नाही, असा त्याचा अर्थ. झाडांबाबतचा आपला नियमही अशाच इंग्रजी निकालांच्या परंपरेतून आला आहे.

म्हणजे हिरवागार, निरोगी माड तौक्तेसारख्या वाऱ्यात मुळासकट उपटला गेला, तर शेजाऱ्याकडून पैसे मिळण्याची शक्यता जवळपास नाही. तोच माड दोन वर्षांपासून शेंड्याने वाळलेला असेल, तर चित्र बदलतं.

"ही तर दैवी आपत्ती!"

शेजाऱ्याचा पहिला बचाव हाच असतो. दैवी आपत्ती म्हणजे माणसाला अंदाज बांधता येणार नाही आणि योग्य काळजी घेऊनही टाळता येणार नाही, अशी नैसर्गिक घटना. पण फक्त वादळ आलं होतं, एवढ्याने हा बचाव टिकत नाही. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर वारा सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तौक्तेचा इशाराही हवामान खात्याने आधीच दिला होता.

न्यायालयात खरा प्रश्न असा येतो: झाड निरोगी असतं तर ते टिकलं असतं का? त्याच वाडीतले आजूबाजूचे दहा माड उभे राहिले आणि फक्त वाळलेला कोसळला, तर वादळाला दोष देणं अवघड जातं. उलट अख्खी वाडीच झोपली असेल, तर शेजाऱ्याची बाजू भक्कम होते. म्हणूनच पडलेल्या झाडाबरोबर उभ्या राहिलेल्या झाडांचेही फोटो काढून ठेवावेत.

झाड धोक्याचं होतं, हे दाखवायचं कसं?

पडलेलं झाड दोन-तीन दिवसांत तोडून, तुकडे करून हलवलं जातं. त्याच्याबरोबर पुरावाही जातो. त्यामुळे करवत लागण्याआधी बुंधा, मुळं आणि मोडलेल्या जागेचे जवळून फोटो घ्यायला हवेत.

माडाच्या बाबतीत सोंड्या भुंग्याच्या खुणा बघाव्यात. खोडाला भोकं, त्यातून गळलेला तांबूस-तपकिरी चिकट द्रव आणि भोकाशी चावलेला भुसा, या त्या खुणा. आंबा किंवा फणस असेल तर पोकळ खोड, वाळवी, बुंध्यावर उगवलेली अळंबी आणि कुजलेली मुळं दिसतात. कृषी किंवा वन खात्यातल्या जाणकाराने पाहून लेखी अभिप्राय दिला, तर त्याला वजन येतं.

पण यातून फक्त झाड खराब होतं एवढंच दिसेल. ते शेजाऱ्याला माहीत होतं, हे दाखवायला वादळानंतरच्या शंभर फोटोंपेक्षा वादळाआधीचं एक पत्र जास्त उपयोगी पडतं. 'तुमचा गडग्यालगतचा माड वाळला आहे, तो आमच्या अंगणात पडू शकतो, कृपया तोडून घ्या,' एवढंच, तारीख घालून, फोटोसह आणि पोचपावती मिळेल अशा पद्धतीने पाठवलेलं. व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही चालतो. मात्र न्यायालयात तो मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर न थांबता मूळ फोनमधलं संभाषण जपावं.

इथे एक मेख आहे. तुम्हीच पत्र लिहून धोका कळवला आणि नंतर गाडी रोज त्याच माडाखाली लावली, तर शेजाऱ्याचा वकील तेच पत्र तुमच्याविरुद्ध वापरेल. स्वतःच्या निष्काळजीपणाचा वाटा भरपाईतून वजा होऊ शकतो.

घर बंद, मालक मुंबईला

कोकणातली खास अडचण ही आहे. शेजारचं घर बंद असतं, मालक चाकरमानी, गणपतीला आणि मे महिन्यात येणार. सातबारावर चार-पाच भाऊबंदांची नावं. मालक गावात नाही म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही, पण पत्र कुणाला द्यायचं हा प्रश्न उरतोच. सातबारा ऑनलाइन पाहून त्यावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांना कळवणं, हाच सुरक्षित मार्ग.

"झाड तोडायला परवानगी लागते," हे उत्तरही ऐकायला मिळतं. ते खरं आहे. मालवण नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा शहरी वृक्ष कायदा लागू होतो. गावांमध्ये आंबा, फणस, जांभूळ यांसारख्या अनुसूचित झाडांसाठी १९६४ च्या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. पण हा बचाव अर्ज करणाऱ्यालाच शोभतो. अर्ज करून तो अडकला असेल तर शेजाऱ्याने काळजी घेतली असं दिसतं. अर्जच केला नसेल, तर हे फक्त निमित्त ठरतं.

शेजारी दादच देत नसेल तर आणखी एक दार आहे. झाड पडून शेजारी राहणाऱ्यांना किंवा ये-जा करणाऱ्यांना इजा होण्याचा धोका असेल, तर उपविभागीय दंडाधिकारी ते हटवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. अर्ज करताना गाडीपेक्षा माणसांना असलेल्या धोक्यावर भर द्यावा, कारण कलम त्यासाठी आहे.

मग पैसे येतात कुठून?

बहुतेक वेळा शेजाऱ्याकडून नाही, तर स्वतःच्या विम्यातून. पॉलिसीत 'ओन डॅमेज' भाग असेल, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात तो, तर वादळ आणि चक्रीवादळाने झालेलं नुकसान त्यात येतं. तिथे कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही.

समजा, साडेचार वर्षांची, १५०० सीसीच्या आतली गाडी आहे आणि दुरुस्तीचा खर्च एक लाख रुपये आला. त्यात काच १२ हजार, छत आणि बॉनेटचा पत्रा ५० हजार, प्लास्टिकचे भाग १६ हजार आणि मजुरी २२ हजार. नेहमीच्या पॉलिसीत काचेवर घसारा नसतो, या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर तो ३५ टक्के आणि प्लास्टिकवर ५० टक्के असतो. म्हणजे पत्र्याचे १७,५०० आणि प्लास्टिकचे ८,००० कापले जातात. वर एक हजार रुपये सक्तीची वजावट. हाती येतात ७३,५०० रुपये. खिशातून जातात २६,५००, शिवाय पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस. 'झिरो डेप' घेतलेलं असेल तर घसाऱ्याचा बहुतेक फटका वाचतो.

शेजाऱ्याचा निष्काळजीपणा दाखवता आला, तर हे २६,५०० रुपये त्याच्याकडे मागता येतात. विमा कंपनीने दिलेले ७३,५०० रुपये मात्र तुम्ही पुन्हा मागू शकत नाही. ते वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. म्हणूनच कंपनीला न विचारता शेजाऱ्याला 'माझा काही दावा नाही' असं लिहून देऊ नये. तो कागद कंपनीचा हक्क बुडवतो आणि तुमचा क्लेम अडकू शकतो. सर्व्हेअर येण्याआधी गाडी हलवायची असेल, तर आधी कंपनीला कळवून फोटो काढून ठेवावेत.

तलाठी पंचनामा करायला येतात, तेव्हा सरकारी मदतीची आशा वाटते. पण आपत्ती मदतीचे निकष घरं, पिकं, जनावरं, होड्या आणि जाळ्यांसाठी आहेत, खासगी कारसाठी नाहीत. तरी पंचनाम्यात झाड आणि गाडीची नोंद करून घ्यावी. तारीख, जागा आणि झाडाची अवस्था यांचा तो सरकारी कागद असतो.

शेजाऱ्याविरुद्धची भरपाई ग्राहक आयोगात मागता येत नाही, कारण तुम्ही त्याचे ग्राहक नाही. तो दावा दिवाणी न्यायालयात, नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. विमा कंपनीने क्लेम चुकीचा नाकारला, तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला असतो.

दिल्लीच्या त्या कडुनिंबाचा निकाल लागायला ३५ वर्षं गेली. २६ हजारांसाठी एवढी वाट कुणीच बघणार नाही. त्यामुळे वकिलाच्या नोटिशीआधी जुनं पत्र आणि बुंध्याचे फोटो समोर ठेवून बोलणं बहुतेकांना परवडतं. ते पत्र मात्र झाड उभं असतानाच लिहिलेलं हवं.