खसखस वगळून

या आठवड्याची गोष्ट काल्पनिक. माणसं मी रचलेली. लालबागची मिरची गल्ली आणि दुबईचा कायदा मात्र खरा. मुलाची पहिलीच नोकरी, दुबईत. तिथून व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, निरोप तेवढे जातात, आणि आईला मोबाइलवर लांबलचक लिहायचा कंटाळा. ती परळच्या एका शाळेत कारकून आहे. मधल्या सुट्टीत तिथल्या संगणकावरून मेल करते.

विषय : मसाला

राजा, काल मसाला करून आणला. मिरच्यांचे देठ खुडून हात अजून चुरचुरतायत. बेडगी अर्धा किलो, काश्मिरी पाव किलो आणि तिखटाला संकेश्वरी पाव किलो. धणे पाव किलो, बाकी नेहमीचंच. सगळं वेगवेगळं भाजलं. एकत्र टाकलं तर लवंग तापेपर्यंत दगडफूल करपतं. मग गल्लीत डंकावर कांडून घेतलं. चक्कीत मसाला गरम होतो आणि वास उडतो. घरी पसरून पूर्ण गार केला, तेव्हाच भरला. गरम भरला की आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. तळमजल्यावरच्या काकूंचा मुलगा मंगळवारी दुबईला परत निघालाय. त्याच्याबरोबर एक किलो देते.

विषय : उत्तर : मसाला

आई, थांब. त्यात खसखस आहे का? ऑफिसात केरळचे एक सीनियर आहेत, घरून मसाला येतोय म्हटल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. इथे ती आणायला बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली.

विषय : उत्तर : मसाला

आहे की. पन्नास ग्रॅम. पण भाजून, कांडून घातलेली, कोणाला दिसणार? आणि त्यात नशा कसली? लहानपणी आजीने तुला खसखशीची खीर भरवलीय.

विषय : उत्तर : मसाला

नशेचा प्रश्नच नाही गं. 2008 मध्ये बातमी आली होती. एका स्विस प्रवाशाच्या कपड्यांवर पावावरच्या खसखशीचे तीन दाणे सापडले. चार वर्षांची शिक्षा झाली. कांडलेली ओळखू येते की नाही, याची परीक्षा मला विमानतळावर घ्यायची नाही. शिवाय बॅग माझी नाही. सापडला तर काकूंचा मुलगा सापडणार. पुड्यात काय आहे हे त्याला माहीत तरी आहे का?

यानंतर दोन दिवस मेल नाही. बातमी वाचून आई हलली असेल असं मला वाटत नाही. तिला लागला तो शेवटचा प्रश्न. चाळीत पुडा द्यायचा तर उघडून दाखवायची रीत नाही, आणि घेणाराही विचारत नाही.

विषय : नवा मसाला

पुडा परत घेतला. काकूंना खरं काय ते सांगितलं. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, बरं झालं वेळेत बोललीस. डंकवाल्याला विचारलं, चाळून खसखस निघेल का? तो हसला. म्हणाला, कांडल्यावर काय निघणार? वर म्हणाला, नवा मसाला बिनखसखशीचा आणलात तरी माझ्या डंकात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला थोडा राहतोच. मग डंकही नको. अर्धा किलोचा घाणा पुन्हा भाजला. मिक्सरचं भांडं धुऊन, वाळवून, त्यात थोडा थोडा फिरवला, मध्ये मध्ये थांबत, तापू न देता. पुड्यावर आत काय काय आहे त्याची यादी चिकटवलीय, इंग्रजीत. शाळेच्या प्रिंटरवर छापली, हेडबाईंना सांगू नकोस. खसखस नाही म्हणजे रस्सा दाट होणार नाही. भाजलेलं खोबरं वाटताना थोडं जास्त घे.

विषय : उत्तर : नवा मसाला

मिळाला. विमानतळावर कोणी बॅग उघडलीसुद्धा नाही, हे तुला आवडणार नाही! काल चिकन केलं. रंग घरचाच, वास जरा कमी. खोबरं जास्त घ्यायचं विसरलो, रस्सा पातळ झाला. सीनियरनी तरी दोनदा वाढून घेतला. काकूंच्या मुलाला रविवारी जेवायला बोलावलंय.

बॅग उघडली नाही म्हणून आईची मेहनत फुकट गेली, असं म्हणणारे भेटतील. मला तसं वाटत नाही. उघडली असती तर उत्तर त्या मुलाला द्यावं लागलं असतं, तिला नाही.

उन्हाळ्यात लालबागला कांडपासाठी गर्दी होते. त्या गर्दीत ज्यांचा पुडा दुबई, सौदी किंवा सिंगापूरला जाणार असेल, त्यांनी तो घाणा वेगळा आणि खसखशीशिवाय करावा. तयार मसाला घेतलात तर पाकिटावरची यादी वाचा. मालवणी मसाल्यात खसखस बहुधा असते. आणि पुडा नेणाऱ्याला आत काय आहे ते आधी सांगा.