फायनान्स चार्जेसची एक ओळ आणि आपली जबाबदारी

गेल्या दोन अंकांपासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. ‘अशिलाने क्रेडिट कार्डाचे जवळपास सगळे बिल भरले, तरी पुढच्या स्टेटमेंटमध्ये हजारोंचे व्याज लागले. बँकेत विचारले तर सिस्टीमने काढलेला आकडा आहे, एवढेच उत्तर मिळते.’ पत्रे पाठवणारे हिशेबनीस आणि करसल्लागार आहेत. जीएसटीआर-2बी आणि खरेदीचे रजिस्टर यांतला पाच रुपयांचा फरक शोधून काढणारी ही माणसे फायनान्स चार्जेसचा आकडा मात्र ‘बँक चार्जेस’ या खात्यात टाकून पुढे जातात. या महिन्याचे संपादकीय त्या एका ओळीसाठी आहे.

आता हे टाळून चालणार नाही, याला कारण आहे. कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटले होते. त्या आदेशाला पुढे स्थगिती मिळाली आणि 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दच केला. दराची मर्यादा ठरवणे हे आयोगाचे काम नाही, असा त्याचा अर्थ. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के, हा दर आज बाजारात सर्रास दिसतो. दर कमी करून घेण्याचा रस्ता बंद झाला आहे. लावलेला दर बरोबर रकमेवर आणि बरोबर दिवसांसाठी लागला का, एवढे तपासणे आपल्या हातात उरले आहे.

एका वाचकांनी अशिलाचे नाव आणि कार्डाचा क्रमांक झाकून लागोपाठची तीन स्टेटमेंट पाठवली आहेत. अशील हार्डवेअरचे दुकानदार. समजायला सोपे जावे म्हणून रकमा आम्ही गोल केल्या आहेत, तारखांचा क्रम तोच ठेवला आहे.

स्टेटमेंट दर महिन्याच्या 15 तारखेला निघते आणि ड्यू डेट त्यानंतर सुमारे 20 दिवसांनी, म्हणजे 5 तारखेला येते. कार्डाच्या जाहिरातीत ‘50 दिवस बिनव्याजी’ असे छापलेले असते. ते 50 दिवस फक्त 16 मे रोजी केलेल्या खरेदीला मिळतात, कारण ती 15 जूनच्या स्टेटमेंटमध्ये येते आणि 5 जुलैला भरायची असते. 14 जूनच्या खरेदीला त्याच हिशेबाने 21 दिवस मिळतात. मुदत खरेदीगणिक बदलते. शिवाय तिला एक अट आहे: टोटल अमाउंट ड्यू ड्यू डेटपर्यंत पूर्ण भरली पाहिजे.

15 जूनच्या स्टेटमेंटमध्ये दोन नोंदी होत्या. 18 मे रोजी 40,000 रुपयांचा माल आणि 10 जून रोजी 8,000 रुपयांची खरेदी, एकूण 48,000. मागची बाकी शून्य. अशिलाने 5 जुलैला 45,000 भरले, कारण त्या दिवशी खात्यात तेवढेच होते. मिनिमम अमाउंट ड्यू 2,400 होती, त्यामुळे लेट फी लागली नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. लेट फी नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे अशील समजतो, कधीकधी त्याचा हिशेबनीसही समजतो. लेट फी मिनिमम रक्कम चुकली की लागते. व्याज मात्र टोटल रकमेत एक रुपया कमी पडला तरी सुरू होते. या अशिलाचे 3,000 राहिले होते.

15 जुलैच्या स्टेटमेंटमध्ये 20 जूनची 12,000 रुपयांची नवी खरेदी होती आणि खाली एक ओळ: फायनान्स चार्जेस 2,819.19. त्याखाली 18 टक्के जीएसटी 507.45. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला जीएसटीतून सूट नाही, हे आपल्याला माहीत आहेच. दोन्ही मिळून 3,327 रुपये झाले. थकलेल्या मूळ रकमेपेक्षा पहिल्याच महिन्याचा आकार मोठा! दुकानदाराने हिशेबनिसाला फोन केला, हिशेबनिसाने बँकेला केला आणि सिस्टीमचे उत्तर घेऊन फोन ठेवला.

हा आकडा कुठून आला, ते स्टेटमेंटवरून काढता येते. रक्कम गुणिले दिवस गुणिले वार्षिक दर, भागिले 365, एवढेच गणित आहे. 40,000 रुपयांवर 18 मे ते 5 जुलै असे 48 दिवस धरले की 2,209.32 येतात. 8,000 वर 10 जून ते 5 जुलै 25 दिवसांचे 230.14. राहिलेल्या 3,000 वर 5 ते 15 जुलै 10 दिवसांचे 34.52. नव्या 12,000 वर 20 जून ते 15 जुलै 25 दिवसांचे 345.21. बेरीज 2,819.19. पैशापर्यंत जुळते.

यातल्या शेवटच्या रकमेबद्दल वाचकांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. 20 जूनच्या खरेदीची ड्यू डेट 5 ऑगस्ट आहे, मग तिच्यावर जुलैतच व्याज कसे? मागच्या बिलातली काहीही बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत थांबते. हे कार्डासोबतच्या अटीपत्रकात स्पष्ट सांगावे आणि उदाहरण देऊन समजवावे, असा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा आग्रह आहे. तेव्हा या 345 रुपयांबद्दल भांडण्यात अर्थ नाही. अशील बाकी ठेवून कार्ड वापरत राहिला, तर प्रत्येक नवी खरेदी पहिल्या दिवसापासून व्याजाची होते. त्याला स्पष्ट सांगा: बाकी संपेपर्यंत हे कार्ड बाजूला ठेवा.

भांडण्याचा मुद्दा पहिल्या दोन रकमांत आहे. बँकेने 5 जुलैला भरलेल्या 45,000 रुपयांवरही खरेदीच्या तारखेपासून व्याज घेतले आहे. रिझर्व्ह बँक सांगते की व्याज थकलेल्या रकमेवरच, म्हणजे भरणा, परतावा आणि रद्द झालेले व्यवहार वजा जाता उरलेल्या रकमेवर लावायचे. बँकेचा युक्तिवाद असा की भरणा होईपर्यंत पूर्ण 48,000 बाकीच होते आणि मुदतीचा लाभ गेल्यामुळे त्यावर तोवरचे व्याज देय झाले. आमच्या मते हा अर्थ त्या वाक्याचा हेतूच मारून टाकतो. ड्यू डेटच्या आत आलेला भरणा वजा करून थकबाकी 3,000 उरते, तर व्याज 3,000 वर लागले पाहिजे.

तसे धरले तर काय होते ते पाहा. भरणा आधी जुन्या खरेदीला लावला, तर 3,000 रुपये 10 जूनच्या खरेदीतले उरतात. 35 दिवसांचे व्याज 120.82. नव्या खरेदीचे 345.21 मिळवून 466.03, जीएसटीसह 550 रुपये. बँकेच्या बाजूने झुकून 3,000 रुपये 18 मेच्या खरेदीतले धरले, तरी एकूण 644 रुपयांच्या वर जात नाही. एका बाजूला 550 किंवा 644, दुसऱ्या बाजूला 3,327. दर तोच, खरेदी तीच, भरणा तोच. एका वाक्याचा अर्थ कसा लावायचा यावर पाच-सहा पट फरक पडतो आणि तो फरक स्टेटमेंटवर कुठेही दिसत नाही.

आमचा राग यावर आहे. गिऱ्हाइकाला दिलेल्या साध्या बिलावर आपण मालाची किंमत, कराचा दर आणि कराची रक्कम वेगवेगळी दाखवतो. दाखवली नाही तर नोटीस येते. वर्षाला 42 टक्के व्याज आकारणाऱ्या संस्थेने मात्र किती रकमेवर, किती दिवसांसाठी आकारले हे चार ओळींत छापू नये? प्रत्येक खरेदीची तारीख, रक्कम आणि दिवस सिस्टीमकडे असतात, त्याशिवाय 2,819.19 हा आकडा निघूच शकत नाही. मग तोच तक्ता छापायला अडचण कोणती? रिझर्व्ह बँकेने मिनिमम रक्कम भरण्याचा धोका सांगणारा इशारा प्रत्येक स्टेटमेंटवर सक्तीचा केला. तो योग्यच आहे. आता जवळपास पूर्ण रक्कम भरणाऱ्याचे काय होते, याचे एक आकडेवार उदाहरण देऊन तिने हा वाद मिटवावा आणि व्याजाची मांडणी स्टेटमेंटवर सक्तीची करावी.

तिसऱ्या स्टेटमेंटबद्दलही सांगायला हवे, कारण तिथे बरेच जण उगाच तक्रार करतात. अशिलाने 4 ऑगस्टला सगळी रक्कम भरली, तरी 15 ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा व्याज आले. 15 जुलै ते 4 ऑगस्ट असे 20 दिवस 15,000 रुपये बाकी होते, त्याचे 345.21 आणि वर जीएसटी 62.14. ही मागची शेपटी आहे, चूक नाही. इथे तपासायची गोष्ट वेगळी आहे: व्याज 15,000 वर लागले की आधीच्या जीएसटी आणि शुल्कासकट धरलेल्या रकमेवर? न भरलेले शुल्क, आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज घेता येणार नाही, असे निर्देश सांगतात. या स्टेटमेंटमध्ये बँकेने ते पाळले होते.

आता वाचकांना आमचे सांगणे. ज्या अशिलाच्या वहीत कार्डाचे व्याज सलग दोन महिने दिसते, त्याची स्टेटमेंट मागवा. खरेदीची तारीख, रक्कम, कधीपर्यंत मोजले ती तारीख, दिवस आणि व्याज असा पाच रकान्यांचा तक्ता करा. एका दिवसाच्या फरकावर अडू नका, भरण्याचा दिवस काही बँका मोजतात, काही मोजत नाहीत. कार्डावर रोख काढली असेल तर तिला बिनव्याजी मुदत नसतेच, तिची ओळ वेगळी लिहा. भरलेल्या रकमेवरही व्याज लावल्याचे दिसले, तर तक्ता जोडून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि खरेदीवार हिशेब मागा. फोनवरचे उत्तर धरू नका. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जा. तक्रारीत ‘व्याज फार लागले’ असे लिहू नका. आपल्या हिशेबाने किती यायला हवे होते आणि किती लावले, हे दोन आकडे लिहा.

बँकेकडून किंवा लोकपालाकडून आलेली उत्तरे, नावे झाकून, आमच्याकडे पाठवा. बँकेची बाजू बरोबर ठरवणारी उत्तरेही पाठवा, तीही छापू. थकबाकीचा अर्थ कोण कसा लावतो हे पुराव्यानिशी एकत्र झाले, की ते घेऊन आम्ही रिझर्व्ह बँकेला लिहू. त्यासाठी आधी आपल्या कपाटातल्या फायली उघडल्या पाहिजेत. या महिन्याचे रिटर्न भरून झाले की पहिले काम तेच करा.