भाकरीच्या तव्यावरचा नान

इंदापूरच्या नणंदेचा रविवारी दुपारी फोन आला. "वहिनी, नान दिसायला फार छान झाले. डाग पडले, फुगे आले. पण खाताना सोडा लागतोय, तोंडात साबणासारखी चव राहतीय. तुम्ही सांगितलेलंच माप घेतलं होतं." माप मी दिलेलंच होतं : दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी दही, पाव चमचा खायचा सोडा. माझ्या घरी बारामतीत या मापाने नान कधी बिघडला नव्हता. मी विचारलं, "ताई, दही कुठलं?" म्हणाली, "दुकानातून पिशवी आणली. ताजं होतं, अगदी गोड."

तिथेच उत्तर मिळालं. मी तिला दही किती घ्यायचं ते सांगितलं होतं, किती आंबट हवं ते सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे रोज रात्री विरजण लागतं आणि उन्हाळ्यात ते सकाळपर्यंत चांगलं आंबतं. माझं सगळं माप त्या आंबट दह्यावर बसलेलं होतं, आणि मलाच ते कधी जाणवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी घरच्या दह्याचा डबा घेऊन मी एसटीत बसले. भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी करत इंदापूर गाठेपर्यंत उन्हाने दही आणखी थोडं आंबलं होतं. ताईकडे पिशवीचं गोड दही ठेवलेलंच होतं. आम्ही दोन वाट्यांत एक-एक चमचा दही घेतलं आणि दोन्हीत चिमूटभर सोडा टाकला. माझ्या दह्यात लगेच फसफस सुरू झाली, चमचाभर दही दुप्पट दिसायला लागलं. पिशवीच्या दह्यात चार-दोन बुडबुडे आले आणि ते गप्प बसलं. ताई वाटीत बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझा सोडा कामालाच लागला नाही."

बरोबर तेच. दह्यातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो, आणि पिठात अडकलेला तो वायू म्हणजेच तव्यावर दिसणारे फुगे. आम्ल पुरेसं नसेल तर सोड्यातला काही भाग तसाच उरतो आणि त्याचीच ती साबणासारखी चव लागते. डाग मात्र त्यात फसवतात. सोडा उरला की पीठ लवकर लाल होतं, म्हणून बिघडलेला नान चांगल्यापेक्षाही खमंग दिसतो. ताईचे नान दिसायला छान झाले होते ते त्यामुळेच. मोडून बघितले असते तर आतला रंग पिवळसर निघाला असता. याची दुसरी बाजू अशी, की दही फार आंबट आणि सोडा कमी पडला, तर नान पांढराफटक राहतो, कितीही भाजला तरी डाग धरत नाही आणि चवीला आंबूस लागतो. म्हणून नुसता डागांचा रंग बघून नान जमला असं समजू नये. मोडून आतला रंग आणि वास बघावा.

दही गोडच असेल तर दोन उपाय आहेत. वेळ असेल तर ते तीन-चार तास ओट्यावर ठेवावं. वेळ नसेल तर अर्ध्या वाटीत चमचाभर लिंबाचा रस घालावा किंवा सोडा निम्मा करावा. मला पहिला उपाय आवडतो, कारण आंबलेल्या दह्याची चव लिंबाला येत नाही.

आता पीठ. दोन वाट्या मैदा म्हणजे साधारण पाव किलो. त्यात पाव चमचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाऊण चमचा मीठ आणि एक चमचा साखर. हे चमचे चहाचे, आणि सपाट भरलेले. बेकिंग पावडर घालायचं कारण असं, की दही आणि सोड्याचा वायू पीठ भिजवतानाच निघायला लागतो. पावडरीतला बराचसा वायू मात्र तव्याची आच लागल्यावर सुटतो, म्हणून भाजताना पुन्हा एकदा जोर मिळतो. आधी कोरडं सगळं नीट मिसळायचं, मग दही आणि मोठा चमचाभर तेल घालायचं, आणि पाणी अगदी शेवटी. घट्ट आणि पातळ दह्यात पाण्याचा फरक फार असतो. कधी पाव वाटी कोमट पाणी लागतं, कधी निम्मंही लागत नाही.

पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. सुरुवातीला ते हाताला चिकटतं आणि तिथेच मैदा भुरभुरवण्याचा मोह होतो. तो आवरावा. तेलाचा हात लावून सात-आठ मिनिटं ओढून, दुमडून मळलं की चिकटपणा आपोआप जातो. मग ओलं फडकं झाकून ठेवायचं. किती वेळ, हे हवेवर आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तास-दीड तास पुरतो, थंडीत तीन तास लागतात. त्याहून जास्त राहिलं तर पीठ ढिलं पडतं, लाटताना फाटतं आणि वायू निघून गेलेला असतो. झालंय का ते ओळखायला बोट दाबून बघावं. खड्डा हळूहळू भरून आला तर पीठ तयार आहे. लगेच वर आला तर अजून थांबावं.

खरी गंमत तव्याची आहे. ताईच्या घरी, आपल्या बहुतेक घरांत असतात तसे, दोन तवे आहेत. एक घावन-डोशाचा, तेल पिऊन काळा आणि गुळगुळीत झालेला. दुसरा भाकरीचा, कोरडा लोखंडी. नानला भाकरीचाच तवा घ्यावा, कारण हा नान तव्याला चिकटायला हवा. तंदूरमध्ये नान भट्टीच्या भिंतीला चिकटून भाजतो. छत्रपती संभाजीनगरला नान-खलिया खाल्लेल्यांनी ती भट्टी बघितली असेल. खालून भिंतीची धग आणि समोरून निखाऱ्याची, अशी दोन्हीकडून आच लागते. आपण घरी तेच करतो, फक्त तवा उलटा करून. तेलकट तव्यावर नान धरत नाही आणि उलटा करताच गॅसवर पडतो. नॉनस्टिक तवा तर घेऊच नये. त्यावर नान चिकटत नाही, आणि त्याचा लेप असा थेट ज्वाळेवर धरायचा नसतो.

ताईच्या सासूबाई दारात बसून बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर ज्वारी-बाजरीच्या भाकरी थापल्या. मी नान लाटला, एका बाजूला ओला हात फिरवला आणि ती ओली बाजू खाली करून तव्यावर टाकला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही पाणी वरनं लावतो, तू खालनं लावलंस." त्यांनी अचूक हेरलं होतं. भाकरीला पाणी वरून लावतात ते वरचा पापुद्रा सुकून तडकू नये म्हणून. इथे पाणी गोंदाचं काम करतं. ओला मैदा तापल्या लोखंडाला लागला की त्याची खळ होते, आणि ती खळ नानला तव्याला धरून ठेवते. त्यासाठी त्या बाजूला कोरडी पिठी अजिबात राहता कामा नये. मी पाणी लावण्याआधी नान दोन्ही हातांवर झटकून घेते.

लाटायचा तोही जाड. पोळीइतका पातळ लाटला तर त्याचा पापड होतो. पाव किलो मैद्याचे सहा गोळे करावेत आणि लाटण्याआधी ते दहा मिनिटं झाकून ठेवावेत. नाहीतर लाटलेलं मागे आखडतं. मधोमध लाटणं जोरात फिरवू नये, वायू तिथेच असतो.

तवा पुरेसा तापलाय का, हे पाण्याच्या थेंबावरून कळतं. थेंब चर्र करून तिथेच आटला तर अजून तापू द्यावा. तो गोळी होऊन तव्यावर पळायला लागला की नान टाकायचा. अर्ध्या-पाऊण मिनिटात वर बुडबुडे उठायला लागतात. आधी बारीक, मग सुपारीएवढे. कडा तव्याला धरल्यात असं उलथन्याच्या टोकाने हलकेच बघावं. मगच तवा सांडशीने पक्का धरून ज्वाळेवर उलटा करायचा, चार बोटं अंतर ठेवून, आणि सावकाश फिरवत राहायचं. जिथे फुगा आहे तिथे पापुद्रा पातळ असतो आणि तो ज्वाळेच्या जास्त जवळही असतो, म्हणून डाग नेमके फुग्यांवरच पडतात. त्या दिवशी पहिला नान उलटा करताना आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या होतो. एक मोठा फुगा डोळ्यांदेखत तपकिरी झाला, शेजारचे दोन लहान त्याच्यामागून, आणि भाजल्या मैद्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला. मिनिट-दीड मिनिटात तवा सरळ करून कडेने उलथनं सारलं तर नान एका झटक्यात सुटला. खालची बाजू सोनेरी आणि किंचित कुरकुरीत होती. सुटायला त्रास देत असेल तर तो अजून भाजायचा आहे असं समजावं, ओढून काढू नये.

बिडाचा जड तवा मात्र मनगटाला झेपत नाही आणि हात भाजायची भीती असते, तो टाळावा. इंडक्शनवर उलटा तवा काही कामाचा नाही. तिथे नान झाकण ठेवून मिनिटभर वाफवून पलटावा. मऊ होतो, फुगतो, पण डाग मोजकेच पडतात आणि तो खमंग वास येत नाही. हे मान्य करूनच तो करावा.

तव्यावरून उतरलेल्या नानला लगेच तूप लावून फडक्यात गुंडाळायचं. उघडा राहिला तर दहा मिनिटांत चिवट होतो. मैद्याच्या नानचा मऊपणा एरवीही फार टिकत नाही, म्हणून जेवणारे पानावर बसल्यावरच तवा ठेवावा.

आम्ही त्या दुपारी बारा नान केले. सहा माझ्या दह्याचे आणि सहा ताईच्या पिशवीतल्या दह्याचे, लिंबाचा रस घालून. एक-एक मोडून बघितला. दोन्हींचा आतला रंग पांढरा होता आणि साबणाची चव कुठेच नव्हती. माझ्या दह्याचे थोडे जास्त मऊ होते, आणि ताईनेच ते आधी सांगितलं. सासूबाईंनी दोन खाल्ले, वांग्याच्या रश्श्याबरोबर. मग विचारलं, "गव्हाचा होतो का गं?" होतो, पण कणकेतला कोंडा पिठाची तार तोडतो, त्यामुळे वायू कमी धरला जातो आणि फुगे बारीक राहतात. कणीक पाणीही जास्त पिते. निम्मी कणीक आणि निम्मा मैदा घेतला, पाणी दोन चमचे वाढवलं आणि पीठ अर्धा तास जास्त झाकून ठेवलं, तर दाताखाली जड होत नाही. मी निघाले तेव्हा ताईने रात्रीसाठी तसंच पीठ भिजवायला घेतलं होतं. सोड्याचा चमचा हातात होता, आणि त्याआधी वाटीत चमचाभर दही काढून ती त्यात चिमूट टाकून बघत होती.