वाहक लहरीची बचत – पण कोणाच्या खर्चाने?

रेडिओ-प्रक्षेपणाचा पाठ शिकवताना एक वाक्य हमखास सांगितले जाते : ‘वाहक लहरीत माहिती नसते, म्हणून तिच्यावर खर्च होणारी शक्ती वाया जाते.’ हे वाक्य खोटे नाही; पण ते अर्धेच आहे, आणि उरलेला अर्धा भाग वर्गात सांगितला गेला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

प्रथम हिशेब पाहू. १००० किलोहर्ट्झची वाहक लहर १००० वॉट शक्तीची आहे आणि तिच्यावर १ किलोहर्ट्झचा एकच स्वर पूर्ण शंभर टक्के आरूढ केला आहे, असे समजा. आता ९९९ आणि १००१ किलोहर्ट्झ अशा दोन नव्या लहरी तयार होतात. यांना बाजूपट्टे म्हणतात. प्रत्येकात २५० वॉट, म्हणजे एकूण खर्च १५०० वॉट. स्वराची माहिती बाजूपट्ट्यांतच असते. बाजूपट्ट्यांची शक्ती तीच ठेवून वाहक दाबून टाकली, तर ५०० वॉट पुरतात. एक पट्टाही गाळला, तर २५०! म्हणजे बचत अनुक्रमे सुमारे ६७ आणि ८३ टक्के. शिवाय एकच पट्टा ठेवल्याने लहरींच्या गर्दीत जागाही निम्मी लागते.

वाहक दाबायची कशी? यासाठी संतुलित मॉड्युलेटर वापरतात. त्याच्या एका प्रकारात चार डायोड कड्यासारखे जोडून दोन्ही बाजूंना मध्यबिंदू काढलेले ट्रान्सफॉर्मर लावतात आणि वाहक या मध्यबिंदूंवर देतात. वाहकाच्या एका अर्ध्या आवर्तनात डायोडांची एक जोडी ध्वनिसंदेश सुलटा पुढे पाठवते, दुसऱ्या अर्ध्यात दुसरी जोडी तो उलटा करून पाठवते. वाहकाचा स्वतःचा प्रवाह मात्र ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या भागांत समान पण विरुद्ध दिशेने वाहतो आणि नाहीसा होतो. उरतात ते दोन बाजूपट्टे. डायोड तंतोतंत सारखे नसतील, तर थोडी वाहक निसटते. ती ओळखणे सोपे आहे : मायक्रोफोन बंद केल्यावरही बाहेर लहर मिळत राहते.

यातला एक पट्टा गाळायचा, तर चाळणी लागते. ४५५ किलोहर्ट्झची वाहक आणि ३०० ते ३००० हर्ट्झचे बोलणे घेतले, तर खालचा पट्टा ४५४.७ वर संपतो आणि वरचा ४५५.३ वर सुरू होतो. मधली फट फक्त ६०० हर्ट्झची! एवढ्या फटीत एक बाजू अडवून दुसरी सोडणारी चाळणी स्फटिकांची करता येते. पण ५० हर्ट्झपर्यंत उतरणारे संगीत असेल, तर फट १०० हर्ट्झचीच राहते आणि चाळणी करणे फार कठीण होते. म्हणून ही पद्धत बोलण्याला मानवते.

आता उरलेला अर्धा भाग. वाहक आपण पाठवली नाही, तरी संदेश उलगडायला ती लागतेच. ती श्रोत्याच्या यंत्राला स्वतः निर्माण करावी लागते. एकपट्टी संदेशात ती १०० हर्ट्झने चुकली, तर २००, ४००, ६०० हे स्वर ३००, ५००, ७०० होतात. त्यांचे आपसांतले प्रमाण बिघडते आणि माणूस बदकासारखा बोलू लागतो. दोन्ही पट्टे ठेवले, तर अट आणखी कडक होते : वारंवारता अचूक असूनही कला ९० अंशांनी चुकली, तर दोन्ही पट्ट्यांतून मिळणारे स्वर एकमेकांना खोडतात आणि काहीच ऐकू येत नाही! म्हणूनच एफ.एम. स्टिरिओत, जिथे ३८ किलोहर्ट्झची वाहक दाबलेली असते, तिथे १९ किलोहर्ट्झचा एक क्षीण मार्गदर्शक स्वर मुद्दाम सोबत पाठवतात. ग्राहक त्याची वारंवारता दुप्पट करून योग्य कलेची वाहक मिळवतो.

याउलट वाहक सोबत आली, तर एक डायोड आणि एक कपॅसिटर एवढ्यावर संदेश उलगडतो. मध्यम लहरींचे केंद्र एक असते आणि श्रोते लाखो. केंद्राने १००० वॉट जादा खर्चले, की लाखो घरांतले रेडिओ स्वस्त आणि साधे राहतात. हा खर्च ‘वाया’ कसा म्हणावा? १९२७ साली लंडन-न्यूयॉर्क रेडिओ-दूरध्वनी सुरू झाला, तेव्हा मात्र एकपट्टी पद्धत वापरली गेली. तिथे दोन्ही टोकांना मोजकीच यंत्रे आणि ती सांभाळणारे जाणकार होते. महाग होती ती महासागर ओलांडणारी शक्ती. हौशी रेडिओवाल्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी, की ‘उत्तम पद्धत कोणती?’ हा प्रश्न परीक्षेत नुसताच विचारू नये. त्याच्यासोबत प्रक्षेपक किती आणि ग्राहक किती, हेही द्यावे. त्या दोन आकड्यांवाचून ६७ आणि ८३ टक्क्यांचा हिशेब पुरा होत नाही.