मथळ्याची जबाबदारी

वृत्तपत्राचा मथळा पूर्वी एकदा छापला की दुसऱ्या दिवसापर्यंत अचल राही. आज तोच मथळा वाचकाच्या हातातील दूरध्वनीवर दिवसातून चार वेळा बदलू शकतो, आणि बातमीपासून तुटून एकटाच गावभर फिरतो. मोठ्या दैनिकांत त्याची निगा राखण्यास स्वतंत्र माणसे असतात. चार उपसंपादकांच्या लहान कचेरीत मात्र लेखी नियमांवाचून गत्यंतर नाही.

पहिला प्रश्न लांबीचा. शोधयंत्रे लांब मथळा पडद्याच्या रुंदीनुसार तोडतात. इंग्रजीत साठ अक्षरांचा ठोकताळा रूढ आहे. तो मराठीला जसाच्या तसा लावणे चूक होय. ‘मुख्यमंत्र्यांच्या’ हा शब्द आपण पाच अक्षरांत उच्चारतो. संगणक मात्र मात्रा, अनुस्वार व हलन्त वेगळे मोजून त्याची अठरा चिन्हे करतो. म्हणून चिन्हांच्या गणतीवर विसंबण्यापेक्षा आठ ते दहा शब्दांची मर्यादा पाळावी, मथळा दूरध्वनीवर उघडून पाहावा आणि पहिले चार-पाच शब्द एकटे वाचून त्यांतून अर्थ निघतो की नाही, ते तपासावे.

समजा, पावसाळ्यातील एका सकाळी मथळा आला : ‘नदीकाठच्या रहिवाशांना सतर्कतेचा इशारा, जोरदार पावसामुळे खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढणार’. पडद्यावर त्याचा पूर्वार्ध तेवढा उरला, तर इशारा कोणत्या नदीचा हे कोणासच कळणार नाही. शिवाय येथे मराठीची एक खास अडचण आहे. विभक्तीने नामाचे रूप पालटते. वाचक ‘खडकवासला’ लिहून शोधतो आणि मथळ्यात ‘खडकवासल्यातून’ असते. यंत्रे हा भेद पुष्कळदा ओळखतात, पण नेहमीच ओळखतील असा भरवसा नाही. उपाय भाषेतच आहे. ‘खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढणार, नदीकाठी इशारा’ असे लिहिले, की दोन्ही नावे मूळ रूपात राहतात, आरंभी येतात आणि मराठीही मोडत नाही. मात्र शोधणाऱ्यांसाठी तोच शब्द दोनदा-तीनदा कोंबणे हे मथळ्याचे काम नव्हे.

आता खरी कसोटी. दुपारी विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि रात्री विसर्ग घटवला. मजकुरात प्रत्येक वेळी भर पडली, पण मथळा ‘वाढणार’ असाच राहिला, तर मध्यरात्री तो वाचणारा मनुष्य विनाकारण घर सोडील. उलट घडले, तर घरातच बसून राहील. म्हणून नियम असा, की पहिला परिच्छेद बदलणाऱ्यानेच मथळाही बदलावा आणि बदलाची वेळ खाली नोंदवावी. ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द मथळ्यात टाळावेत, वार लिहावा. पानाच्या पत्त्यात आकडा किंवा क्रियापद घालू नये. `khadakwasla-mutha-visarga` एवढा पत्ता दिवसभर खरा राहतो आणि पूर्वी पाठवलेले दुवेही तुटत नाहीत.

मथळा एकाच जागी नसतो, हेही ध्यानात ठेवावे. पानावरील मथळा, शोधयंत्रासाठीचा `title` आणि समाजमाध्यमांवरील `og:title` या तीन जागा आहेत. एक बदलून दोन विसरल्या, तर जुनी बातमी बाहेर फिरतच राहते. समाजमाध्यमे जुना मथळा साठवूनही ठेवतात, त्यामुळे तेथे तो पुन्हा वाचवून घ्यावा लागतो. दूरध्वनीवर गेलेली सूचना तर परत घेता येईल याची खात्री नसते. तिच्यामागोमाग नवी सूचना धाडणे हाच मार्ग.

शेवटी एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. घटना पुढे गेल्यामुळे मथळा बदलणे म्हणजे अद्ययावत करणे. मथळा मुळातच चुकीचा असल्यामुळे बदलणे म्हणजे दुरुस्ती. २८ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोग्यविम्याच्या सक्तीविषयी निकाल दिला. सरन्यायाधीशांनी व्यापारविषयक अधिकाराचा आधार प्रथम अमान्य केला; तेवढ्यावरून सीएनएन व फॉक्स न्यूज यांनी सक्ती रद्द झाल्याचे जाहीर केले. निकालात पुढे करआकारणीच्या अधिकाराखाली तीच सक्ती वैध ठरली होती. अशा वेळी मथळा गुपचूप पालटून भागत नाही. आधी काय म्हटले होते, त्यात काय चुकले आणि ते केव्हा सुधारले, हे बातमीच्या आरंभीच सांगितले पाहिजे. धरणाच्या बातमीत ‘वाढला’चे ‘घटवला’ झाले तर वेळेची नोंद पुरे. पण नदीचेच नाव चुकले असेल, तर दुरुस्तीची ओळ हवीच.

मथळा लिहिणाऱ्याचे काम तो प्रसिद्ध केल्याने संपत नाही. बातमी जोवर बदलते आहे, तोवर तो त्याच्या जबाबदारीत असतो. लहान कचेरीने प्रत्येक चालू बातमीसमोर एकाच उपसंपादकाचे नाव लिहून ठेवावे, आणि पाळी बदलताना ते नाव दुसऱ्याच्या हाती सोपवल्यावाचून त्याने खुर्ची सोडू नये.